उजवी बाजू मुकी झाली तर

दिवाळीच्या साफसफाईनंतर दुरुस्तीवाल्यांकडे एक तक्रार हमखास येते: "होम थिएटरचा एक स्पीकर बोलतच नाही." स्पीकर खाली उतरवले, पुसले, तारा परत खुपसल्या आणि उजवी बाजू गप्प झाली. आज एवढीच एक तक्रार घेऊ. दोष कुठे आहे हे पाना-पकड हातात न घेताही बरंचसं कळतं, ते कसं ते पाहू.

आधी खरंच दोष आहे का, ते बघा. मागचे दोन स्पीकर गप्प असतील आणि गाणी स्टिरिओ मोडवर लावलेली असतील, तर ते गप्पच राहणार. त्यांच्या वाट्याला काही येतच नाही. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये टेस्ट टोन असतो. तो एकेका स्पीकरमधून पाळीपाळीने 'श्श्श' असा आवाज काढतो. तिथेच बॅलन्स आणि प्रत्येक चॅनलची पातळीही पाहून घ्या. गाणी फोनवरून लावत असाल, तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटीतही डावी-उजवीकडे सरकणारी बॅलन्सची पट्टी असते. ती चुकून टोकाला गेली, तर स्पीकर बिचारा फुकट बदनाम होतो.

आमच्या उदाहरणात टेस्ट टोनलाही उजवा स्पीकर गप्पच होता. मग रिसीव्हर बंद केला, पिन काढली आणि रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. पुन्हा चालू केल्यावर डावा स्पीकर उजव्या टर्मिनलवर खणखणीत वाजला, उजवा मात्र डाव्या टर्मिनलवरही गप्प. म्हणजे रिसीव्हर निर्दोष सुटला. संशय उरला तार, जोडणी आणि स्पीकर यांच्यावर. मग पुन्हा सगळं बंद करून त्याच उजव्या तारेला डावा स्पीकर जोडला, तर तो वाजला. म्हणजे तार ठीक. आता बहुतेक लोक म्हणतील, "स्पीकर गेला, नवा आणा."

जरा थांबा. जोडणी काढून पुन्हा करताना दोष आपोआप निघून गेलेला असू शकतो. म्हणून तार मोकळी करून, पेन्सिल सेलची, म्हणजे दीड व्होल्टच्या सेलची, दोन टोकं स्पीकरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवली. 'कट्' असा आवाज आला. आतली कॉइल शाबूत होती. (सेल धरून ठेवायचा नाही, टेकवून लगेच काढायचा.) मग क्लिपमधून काढलेलं तारेचं टोक नीट पाहिलं. तांबं जेमतेम चार-पाच मिलिमीटर उघडं होतं, आणि क्लिपच्या दाबाची खूण तांब्यावर नाही, प्लॅस्टिकवर होती. क्लिपने तार घट्ट धरलेली, ओढली तरी निघत नव्हती. पण वीज जायला वाट नव्हती. साधारण एक सेंटिमीटर तांबं सोलून, धागे पिळून बसवले आणि स्पीकर बोलू लागला. एखादा धागा शेजारच्या टर्मिनलला शिवत नाही ना, हे मात्र बघा. शॉर्ट झाला तर रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडतो.

इथे गोष्ट संपली नाही. आवाज आला, पण तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागला, आणि निवेदकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरल्यासारखा. हे उलट्या तारेचं लक्षण. अधिक-वजा उलटे झाल्याने स्पीकर मुका होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. होतं असं, की डाव्याचा पडदा पुढे येतो तेव्हा उजव्याचा मागे जातो. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लहर सुमारे सात मीटर लांब असते. दोन मीटर अंतरावरच्या दोन स्पीकरांच्या अशा लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. ५,००० हर्ट्झची लहर सातेक सेंटिमीटरची, तिचं गणित जागोजागी वेगळं जमतं. म्हणून झांज शाबूत राहते आणि डग्गा जातो. खात्री करायची तर दोन्ही स्पीकर शेजारी ठेवून मोनोतला एकच आवाज ऐका आणि एकाच स्पीकरची जोडणी उलटी करून पाहा. ज्या जोडणीत खर्ज भरून येतो ती बरोबर. तारेच्या एका अंगावर पट्टी किंवा वेगळा रंग असतो. तो दोन्ही टोकांना लाल टर्मिनलला लावायचा की काळ्याला, हे आपण ठरवा, पण सगळ्या स्पीकरांना एकच नियम ठेवा.

आता उलट निकाल लागला असता तर? म्हणजे चांगला स्पीकरही उजव्या टर्मिनलवर गप्प राहिला असता, तर दोष रिसीव्हरमध्ये. टर्मिनलचा स्क्रू ढिला नसेल, सेटिंगमध्ये तो चॅनल बंद केलेला नसेल, आणि दुसऱ्या इनपुटवरूनही तेच होत असेल, तर झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही वीज साठून राहते. ते काम कारागिराचं. आणि चाचणीसाठी शेजाऱ्यांचा स्पीकर आणाल, तेव्हा त्यामागे लिहिलेले ओहम वाचा. आपल्या रिसीव्हरवर ६ ते ८ ओहम लिहिलेलं असेल, तर चारचा जोडू नका, आठचा चालेल.