हरवलेला लॅपटॉप आणि पहिला फोन



आजच्या बैठकीपुढे विषय एकच आहे. कार्यालयाचा लॅपटॉप हरवला किंवा चोरीला गेला, तर तो शोधायला सुरुवात करण्याआधी कार्यालयाला फोन झाला पाहिजे. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळ्यांना कामावरून का उठवले, हे नीट सांगायला हवे.

गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या माणसांचे अर्धे घर अजून खानदेशात आहे. लग्नसराई आली, आखाजी आली, गावाकडे कोणाचे दुखलेखुपले, की उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरायची आणि व्यारा, नवापूर करत नंदुरबार, अमळनेर, जळगाव गाठायचे. कापड बाजाराचे हिशेब मात्र गावाकडच्या तारखा पाहत नाहीत. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 तारखेला 3बी. म्हणून लॅपटॉपही पिशवीत येतो. गावच्या ओसरीवर बसून माणूस व्हीपीएन चालू करतो आणि सुरतेतल्या सर्व्हरवरच्या पक्षकारांच्या वह्या उघडतो. सोय मोठी आहे आणि ती बंद करण्याचा कोणाचाही विचार नाही.

पण ही सोय चालते कशावर, ते पाहा. वायरगार्डसारख्या व्हीपीएनला नाव विचारायचे नसते, पासवर्डही विचारायचा नसतो. लॅपटॉपमध्ये एक लहानशी फाइल असते आणि तिच्यात `PrivateKey` या शब्दापुढे 44 अक्षरांची एक ओळ असते. तीच चावी. ती ओळ ज्याच्याकडे, त्याला सर्व्हर आपला माणूस समजतो. मग तो उधन्याच्या फलाटावर बसलेला असो की परदेशात.

ही चावी विंडोजच्या पासवर्डामागे सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. पण डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर लॅपटॉपचे मागचे झाकण उघडून डिस्क काढायची आणि दुसऱ्या यंत्राला जोडायची, एवढेच काम उरते. विंडोजचा पासवर्ड वाटेतच येत नाही. वायरगार्डचे विंडोजमधले अॅप आपल्या परीने चावी गुंडाळून ठेवते, हे खरे. पण पहिल्या दिवशी मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर पाठवलेली `.conf` फाइल बहुतेक वेळा `Downloads` फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. आज जागेवर परत गेल्यावर प्रत्येकाने आधी ते फोल्डर उघडून पाहावे.

डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट असेल आणि लॅपटॉप पूर्ण बंद असेल, तर चोराला चावी वाचणे फार अवघड जाते. मात्र बहुतेक जण लॅपटॉप बंद करत नाहीत, नुसते झाकण मिटतात. तेव्हा यंत्र झोपलेले असते आणि डिस्क उघडण्याची गुरुकिल्ली मेमरीत तशीच असते. म्हणून हरवल्याचे कळवताना लॅपटॉप बंद होता की नुसते झाकण मिटलेले होते, हेही सांगणे महत्त्वाचे आहे.

आता एक प्रसंग समजा. आपली एक सहकारी शनिवारी संध्याकाळी गावी निघाली. नंदुरबारला उतरताना तिच्या लक्षात आले की बर्थखालची बॅग जागेवर नाही. ती डबाभर शोधते, शेजारच्या प्रवाशांना विचारते, घरी फोन करते, 139 वर तक्रार देते, रेल्वे पोलिसांकडे जाते. बॅग नवापूरच्या अलीकडे गेली की पलीकडे, म्हणजे गुजरातच्या हद्दीत की महाराष्ट्राच्या, असा प्रश्न निघू शकतो. त्यावर उत्तर आहे: 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. रविवार याच धावपळीत जातो. बॅग सापडेल, ही आशा असतेच. सोमवारी सकाळी दहा वाजता ती कार्यालयात कळवते. या बाईने कामात कुठेही कुचराई केलेली नाही. फक्त कार्यालयाचा फोन तिच्या यादीत शेवटी आला, आणि तेवढ्यात दीड दिवस आपला सर्व्हर त्या चावीला ओळखीचा मानून दार उघडे ठेवून बसला.

तोच फोन शनिवारी रात्री फलाटावरून आला असता तर? सर्व्हर सांभाळणारा सहकारी घरूनच आधी हे पाहतो:

```
wg show wg0
```

प्रत्येक चावीसमोर शेवटचा संपर्क कधी झाला आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून झाला, हे तिथे दिसते. शेवटचा संपर्क बॅग हरवण्याआधीचा असेल, तर निदान तोवर चावी वापरली गेलेली नाही. नंतरचा असेल, तर यंत्र कुठेतरी चालू झाले आहे किंवा चावी दुसरीकडे वापरली गेली आहे. लगेच घुसखोरी झाली असे मात्र म्हणता येत नाही; विंडोजमध्ये हा बोगदा चालू ठेवून यंत्र बंद केले असेल, तर पुढच्या वेळी कोणी लॉगिन न करताही तो सुरू होतो. म्हणून ही माहिती आधी लिहून ठेवायची. चावी काढून टाकली की ही नोंदही जाते, आणि घाईघाईत नेमके हेच विसरले जाते. मग पुढची पायरी:

```
wg set wg0 peer <सार्वजनिक चावी> remove
```

त्याच क्षणापासून ती चावी निकामी होते. `/etc/wireguard/wg0.conf` या फाइलमधूनही तिची नोंद पुसावी लागते, नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाला की जुनी चावी जिवंत होते. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम. पण सर्व्हरला माणसांची नावे माहीत नसतात, फक्त चाव्या माहीत असतात. कोणती चावी कोणाच्या लॅपटॉपची, याची वही कार्यालयात नसेल, तर रात्री अकरा वाजता कोणती काढायची हेच कळणार नाही. आणि दोघांनी एकच फाइल वापरली असेल, तर एकाची चावी काढताच दुसऱ्याचेही काम थांबेल. त्यामुळे यापुढे एका लॅपटॉपला एकच चावी, आणि तिची नोंद.

लॅपटॉप हरवल्यावर मेलचा पासवर्ड बदलून निश्चिंत होणारे अनेक असतात. मेलसाठी ते योग्यच आहे, पण व्हीपीएनची ही चावी पासवर्डाशी बांधलेलीच नाही. दुरून लॅपटॉप पुसून टाकण्याची सोय असली, तरी ती यंत्र इंटरनेटवर आल्यावरच चालते. चोराने वायफाय जोडलेच नाही तर आदेश वाट पाहत राहतो. सर्व्हरवरून चावी काढायला मात्र त्या लॅपटॉपची गरज लागत नाही. फाइलींची नक्कल एकदा बाहेर गेली की ती परत मागवता येत नाही; चावी मात्र चोरीला गेल्यावरही घरबसल्या बाद करता येते. अट एवढीच की वेळेवर कळले पाहिजे.

नुसते कळवणेही पुरत नाही, हे दोन खऱ्या घटनांतून दिसते. 3 मे 2006 रोजी अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या मेरीलँडमधल्या घरी चोरी झाली. लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क गेली. त्यांत सुमारे 2 कोटी 65 लाख माणसांची माहिती होती. कर्मचाऱ्याने पोलिसांना आणि आपल्या वरिष्ठांना लगेच सांगितले. पण ती बातमी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिली. खात्याच्या मंत्र्यांना ती 16 मे रोजी कळली आणि लोकांना 22 मे रोजी. जूनअखेर यंत्र सापडले आणि माहिती उघडलेली नसावी असा निष्कर्ष निघाला, तरी खटला चालला आणि 2009 मध्ये सरकारने 2 कोटी डॉलरवर तडजोड केली.

2006 मध्येच इंग्लंडमध्ये नेशनवाइड या संस्थेच्या कर्मचाऱ्याच्या घरून लॅपटॉप गेला. त्यात ग्राहकांची गोपनीय माहिती आहे हे संस्थेला ठाऊक नव्हते आणि चौकशी सुरू व्हायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारी 2007 मध्ये तिथल्या नियामकाने 9 लाख 80 हजार पौंड दंड केला. पहिल्या ठिकाणी निरोप योग्य माणसापर्यंत पोचला नाही, दुसऱ्या ठिकाणी आत काय होते ते कळले नाही. दोन्हीकडे दोष कार्यालयाच्या रीतीचा होता, आणि त्याची जबाबदारी वरच्या खुर्चीवर येते.

म्हणून आपली रीत आज ठरत आहे. फोन थेट सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला करायचा. साहेबांना आधी विचारण्याची गरज नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी करायचा. तो उचलत नसेल तर नोंदवहीतला दुसरा नंबर लावायचा. सांगायचे एवढेच: लॅपटॉप शेवटचा कधी आणि कुठे पाहिला, तो बंद होता की नुसते झाकण मिटलेले होते, आणि आत कोणाकोणाच्या फाइली होत्या. अर्ज, खुलासा, पोलिसांच्या तक्रारीची प्रत, हे सगळे नंतर.

कायद्याचाही एक तगादा आपल्यामागे आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणेत अनधिकृत प्रवेश किंवा माहितीची गळती झाल्याचे लक्षात आले, तर 6 तासांत कळवावे लागते, आणि यंत्रणेचे लॉग 180 दिवस जपून ठेवावे लागतात. नुसते यंत्र हरवणे कळवायच्या घटनांच्या यादीत नाही. पण हरवलेल्या चावीने कोणी आत शिरल्याचे दिसले, की घड्याळ सुरू होते. सोमवारपर्यंत थांबलेल्या कार्यालयाला ते सहा तास फार अपुरे पडतील.

शेवटी, लोक उशिरा का सांगतात, याबद्दल. निष्काळजीपणा हे कारण क्वचितच असते. लॅपटॉपची किंमत पगारातून कापली जाईल, चारचौघांत बोलणी खावी लागतील, बढती अडेल, या भीतीने माणूस आणखी एक दिवस शोधत राहतो. चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रासाठी पक्षकारांच्या सगळ्या वह्या पणाला लागतात. ही भीती काढणे व्यवस्थापनाचे काम आहे. त्यामुळे या खुर्चीवरून असे जाहीर करण्यात येत आहे की हरवल्याचे लक्षात येताच कळवणाऱ्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जाणार नाही. तासाभराने बॅग मावशीच्या घरी सापडली, तरी कोणी हसणार नाही. जुनी चावी मात्र परत चालू होणार नाही. नवी तयार करून दिली जाईल.

दोन्ही फोन नंबर आज प्रत्येकाला कागदावर दिले जातील. ते लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. पाकिटात ठेवा, घरच्यांच्या फोनमध्ये घाला, आणि पुढच्या वेळी गावाला निघण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा.