कुठली गाडी घेऊ?



बडोद्यात माझं गॅरेज आहे, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला लग्नकार्यात, बारशात, अगदी तेराव्यालासुद्धा एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘कुठली गाडी घेऊ?’ एवढाच. किती पैसे आहेत, रोज किती फिरणं आहे, घरात माणसं किती, पेट्रोल हवं की डिझेल, यातलं काही नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘कुठली गोळी घेऊ?’ असं आपण विचारत नाही. डॉक्टर आधी विचारणारच, की अहो, दुखतंय कुठे?

आज मी तुम्हाला गाडीचं नाव सांगणार नाही. नावाच्या आधी काय विचारायचं आणि त्या उत्तरांनी निवड कशी बदलते, ते एका खऱ्या हिशोबातून दाखवतो.

माझा एक मामेभाऊ इंदूरला असतो. त्याचा फोन आला: ‘दादा, नेक्सॉन, ब्रेझा की एर्टिगा? एक सांग.’ आता गंमत बघा. नेक्सॉन पेट्रोलवर मिळते, डिझेलवर मिळते, सीएनजीवर मिळते आणि विजेवरही मिळते. नाव एक, गाड्या चार. या चार गाड्यांचा खर्च वेगळा, डिक्की वेगळी, पुढची दुखणीसुद्धा वेगळी. म्हणजे नाव सांगून मी त्याला काहीच सांगितलं नसतं. मी म्हटलं, ‘आधी रोज किती किलोमीटर, ते सांग.’

हा प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारतो, कारण इंधन त्यावर ठरतं. तो म्हणाला, ऑफिस सात किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन चौदा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर ४,२०० किलोमीटर. दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्याला घरी जायचं, एका फेरीचे येऊन-जाऊन साधारण १,२००, म्हणजे दोन फेऱ्यांचे २,४००. बाजारहाट, उज्जैन, ओंकारेश्वर मिळून आणखी नऊशे. वर्षाचे झाले ७,५००.

आणि त्याच्या मनात काय होतं? डिझेल. ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं, की डिझेलचं अ‍ॅव्हरेज चांगलं असतं. ते खोटं नाही. पण अ‍ॅव्हरेज चांगलं असणं आणि पैसे वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्याच्याकडून कागदावर मांडून घेतलं. आकडे मी सोयीसाठी गोल धरतो, तुम्ही आपल्या गावचा दर घाला.

पेट्रोल १०५ रुपये लिटर, गाडी पंधराचं अ‍ॅव्हरेज देते: किलोमीटरला सात रुपये. डिझेल ९० रुपये, अ‍ॅव्हरेज अठरा: पाच रुपये. म्हणजे डिझेलवर किलोमीटरमागे दोन रुपये वाचले. ७,५०० किलोमीटरला वर्षाचे पंधरा हजार. आता तीच गाडी डिझेलमध्ये घ्यायला सव्वा लाख जास्त मोजावे लागतात असं धरू. सव्वा लाखाला पंधरा हजारांनी भागा. आठ वर्षं चार महिने. तोपर्यंत तो नुसते आधी दिलेले पैसे परत मिळवत बसणार. फायदा सुरू होणार त्यानंतर, आणि तेव्हा गाडी विकायला आलेली असेल.

पण माझी खरी अडचण पैशांची नव्हती. अडचण होती त्या सात किलोमीटरची.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा नियम आले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी एक जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. पूर्वीच्या डिझेल गाडीमागून काळा धूर निघायचा, तो आता या जाळीत साठतो. जाळी भरत आली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी जाळी चांगली सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते. हायवेवर वीस मिनिटं एका लयीत गाडी चालली की हे काम आपोआप होतं, तुम्हाला कळतही नाही.

आता सात किलोमीटरचं ऑफिस घ्या. मध्ये दहा सिग्नल. इंजिन नीट तापेपर्यंत ऑफिस आलेलं असतं. गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, त्यासाठी जास्तीचं डिझेल सोडते आणि तेवढ्यात तुम्ही चावी बंद करता. संध्याकाळी पुन्हा तेच. काजळी जळत नाही, आणि जास्तीच्या डिझेलमधलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. वंगण पातळ झालं की इंजिन झिजणार, हे सांगायला नको.

हे घडतंय हे कसं ओळखायचं? गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरत राहतो, उभ्या गाडीत इंजिनचा आवाज नेहमीपेक्षा चढलेला असतो, गरम वास येतो. हे एखाद्या वेळी झालं तर काळजी नको, गाडी आपलं काम करतेय. पण वारंवार होत असेल तर डिपस्टिक काढून बघा. ऑइल कमी होणं समजू शकतं. ते वाढलेलं दिसलं, तर त्यात डिझेल मिसळतंय. डॅशबोर्डवर जाळीचा दिवा लागला, तर त्याच दिवशी गाडी हायवेवर नेऊन वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. दिवा लागूनही लोक गावातच फिरत राहतात, मग गाडीची ताकद कमी होते आणि ती माझ्याकडे येते. माझ्याकडे अशा येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बिघाड कारखान्याचा नसतो. गाडी चांगली असते, फक्त चुकीच्या घरी गेलेली असते.

भाऊ म्हणाला, ‘मग सीएनजी?’ तोही हिशोब केला. गॅस ९० रुपये किलो, किलोला साडेबावीस किलोमीटर: चार रुपये. पेट्रोलपेक्षा किलोमीटरला तीन रुपये कमी, वर्षाचे साडेबावीस हजार. गाडीला नव्वद हजार जास्त लागले तर चार वर्षांत वसूल. म्हणजे डिझेलपेक्षा बरं.

इथे दुसरा प्रश्न येतो: घरात माणसं किती? आणि नुसती किती नाही, कोण कोण? हा, बायको, बारा आणि आठ वर्षांची दोन मुलं, आणि आई. आईचे गुडघे दुखतात. पाचजण पुण्याला निघाले की पाचांचं सामान, आणि परतताना लोणची, पापड, कुरडया. सीएनजीची टाकी डिक्कीत असते. एकच मोठी टाकी असेल, तर डिक्कीत हातपिशव्यांपुरती जागा उरते. काही गाड्यांत दोन लहान टाक्या खाली तळाशी बसवतात, तिथे बऱ्यापैकी जागा राहते, पण पेट्रोल गाडीइतकी नाहीच. शिवाय पाच माणसं आणि सामान भरून घाट चढताना गॅसवर गाडी थोडी दमते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते.

एर्टिगाचं काय? सात जागा आहेत खऱ्या, पण तिसऱ्या रांगेत माणसं बसवली की मागे सामानाला फार थोडी जागा राहते. पाच माणसांच्या घराला तिसरी रांग मिटवून मोठी डिक्की मिळते, हे खरं. पण मग रोज चौदा किलोमीटरसाठी एवढी लांब गाडी गल्लीत वळवायची, लावायची. वर्षातले तीनशे दिवस कशासाठी आणि दहा दिवस कशासाठी, हे आपलं आपण ठरवायचं.

आईच्या गुडघ्यांसाठी मी एकच गोष्ट सांगितली: तिला शोरूमला घेऊन जा. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो. फार वर असेल तर पाय उचलावा लागतो. उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा खाली सीट आली, की आत सरकता येतं. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. आणि मागच्या सीटवर तिघांना एकदम बसवून बघ, मधल्यालाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे ना ते बघ.

तिसरा प्रश्न पैशांचा. तो मी शेवटी विचारतो, कारण लोक शोरूमची किंमत सांगतात. ‘दहा लाखांपर्यंत’ म्हणजे नोंदणी, रस्ता कर आणि विमा धरून की सोडून? रस्ता कर राज्याराज्यात वेगळा आहे. तीच गाडी कर्नाटकात रस्त्यावर आणायला शेजारच्या कित्येक राज्यांपेक्षा जास्त पैसे लागतात. आणि नोकरी बदलीची असेल, तर बीएच नंबर मिळतो का ते विचारा. २०२१ मध्ये ही सोय सुरू झाली. सरकारी नोकरांना, आणि ज्यांच्या कंपनीची कचेरी चार किंवा जास्त राज्यांत आहे त्यांना तो नंबर घेता येतो. मग दुसऱ्या राज्यात गेल्यावर पुन्हा नोंदणीची धावपळ नाही.

शेवटी भावानं काय घेतलं? पेट्रोल, चार मीटरच्या आतली, उंच बसकणीची. आई दोन गाड्यांत बसून आली, तिसरीत तिला आवडलं. नाव मी सांगत नाही, कारण उद्या तुम्ही तेच घ्याल.

आणि तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. समजा तुम्ही रोज सत्तर किलोमीटर जाता. वर्षाचे २१,००० झाले. आता त्याच आकड्यांनी सीएनजी वर्षाला ६३ हजार वाचवते, दीड वर्षात जास्तीचे पैसे परत. डिझेल तीन वर्षांत, आणि रस्ता हायवेचा असेल तर जाळीही साफ राहते. घरी स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे प्लग असेल, तर विजेच्या गाडीचाही हिशोब मांडा: युनिट आठ रुपयांना आणि युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सव्वा रुपया पडतो. प्लग नसेल, रोज बाहेर चार्जिंग करायचं असेल, तर हा सव्वा रुपया विसरा, तिथला दर वेगळा असतो. म्हणजे तोच प्रश्न, त्याच गाड्या. फक्त चौदाचे सत्तर झाले आणि उत्तर उलटलं.

तेव्हा पुढच्या वेळी मला किंवा तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला विचाराल, तेव्हा चार ओळी लिहून आणा. रोजचे किलोमीटर आणि रस्ता गावातला की हायवेचा. गाडीत बसणारी माणसं, त्यांच्या वयासकट. सगळं धरून हातात असलेले पैसे. आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार. त्यानंतर विचारा, कुठली गाडी घेऊ. मग मी पाच मिनिटांत सांगतो, आणि चहा तुम्ही पाजा.