सही किती रुपयांवर, हातात किती

(वासंतिक व्याख्यानमाला, बालाघाट. व्याख्यानाचे शब्दांकन.)



विषय पगाराचा आहे आणि समोर पगार देणारेही बसले आहेत, घेणारेही. त्यामुळे कुणा एकाच्या बाजूने भाषण न ठोकता मी एक हिशेब मांडतो. वैनगंगेच्या या काठाला भाताच्या गिरण्या आहेत, कापडाची, किराण्याची, हार्डवेअरची दुकानं आहेत, खाजगी दवाखाने आहेत. बहुतेक ठिकाणी माणसं पाच, सात, फार तर दहा. अशा जागी युनियन नसते, पगाराची चिठ्ठी नसते, आणि मालक-नोकर एकमेकांना काका-भाऊ म्हणत असतात. गोंधळ होतो तो इथंच.

समजा, हार्डवेअरच्या एका दुकानात एक पोरगा मदतनीस आहे. माल उतरवणं, गिऱ्हाइकाच्या गाडीत चढवणं, झाडलोट. ठरलेला पगार 9,000. महिनाअखेरीला हातात पडले 7,600. विचारलं तर शेठ म्हणतात, एक दिवस दांडी मारलीस त्याचे दोन दिवस कापले, 600. तीनदा उशिरा आलास, दर वेळचे 100, म्हणजे 300. आणि डिपॉझिटचे दरमहा 500, ते नोकरी सोडताना परत मिळतील. पोराला वाटतं, आपले 1,400 गेले. खरं तर त्याचं नुकसान याच्या अडीच पटीहून जास्त आहे, कारण मुळात 9,000 हा आकडाच चालत नाही.

मध्य प्रदेशात किमान वेतनाचे दर बऱ्याच वर्षांनी नव्याने ठरले आणि 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. अकुशल कामगाराला महिना 11,800, अर्धकुशल 12,796, कुशल 14,519, उच्चकुशल 16,144. लगेच कारखानदार उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात गेले, मे 2024 मध्ये स्थगिती मिळाली, आणि डिसेंबरमध्ये ती उठली. त्या मधल्या काळात 'नवे दर कोर्टात अडकलेत' हे वाक्य गावोगाव पोचलं. स्थगिती उठल्याची बातमी मात्र तितकी पोचली नाही. आजही काही दुकानदार तेच सांगतात, आणि काहींना ते मनापासून खरंच वाटतं. या दरांवर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये महागाई भत्त्याची भर पडते. दाव्यात ज्या महिन्याचा हिशेब, त्या महिन्याचा तक्ता लावायचा. आज फळ्यावर हिशेब सोपा राहावा म्हणून मी 11,800 च धरतो.

महिन्याच्या दराला 26 ने भागलं की रोज निघतो: 454 रुपये. भागायचं 26 ने, कारण आठवड्याची सुट्टी महिन्याच्या पगारात धरलेली असते. रोजंदारीवाल्याला तीसने भागून 393 टेकवतात. एका भागाकारात रोजचे एकसष्ट रुपये गायब, आणि आवाजही होत नाही.

आता आपल्या पोराचा हिशेब. तो एक दिवस आला नाही, तेव्हा एका दिवसाचे 454 जायलाच हवेत, त्यात मालकाचं काही चुकलं नाही. राहिले 11,346. मिळाले 7,600. फरक 3,746 रुपये, एका महिन्याचा. त्यातले 1,400 कपातीचे, आणि 2,346 दर कमी दिल्याचे. 'पण त्याने 9,000 ला होकार दिला होता' हा बचाव टिकत नाही. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कायद्याच्या लेखी रद्द असतो. धंद्याला परवडत नाही हेही उत्तर नाही. 1961 साली उनिचोयी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत विचारात घ्यायची नसते.

कपाती एकेक करून बघू. एका दिवसाच्या दांडीला दोन दिवसांचा पगार कापणं ही आपली जुनी ओळखीची गोष्ट आहे. मुंबईच्या गिरण्यांत तिला दुहेरी खाडा म्हणत. विणताना कापड खराब झालं की तेच कापड विणकराच्या गळ्यात मारून किंमत पगारातून वळती करायची, हीही तिथलीच रीत. अशा तक्रारींतूनच 1936 चा वेतन प्रदान कायदा आला, आणि गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच, हे त्यात लिहिलं गेलं. किमान वेतनाचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी मजूर मंत्री असताना 1946 मध्ये मांडलं; कायदा 1948 मध्ये झाला. हे दोन्ही कायदे आता वेतन संहिता 2019 मध्ये सामावले आहेत आणि संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. छोट्या दुकानांसाठी यात एक महत्त्वाचा फरक पडला. कपातीचा जुना कायदा मुख्यतः कारखाने आणि ठरावीक आस्थापनांपुरता होता. संहितेतली कपातीची कलमं पाच माणसांच्या दुकानालाही लागू आहेत.

उशिराचं तेच. आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे सत्तावन्न रुपये होतात. पोरगा वीस मिनिटं उशिरा आला तर एकोणीस रुपये कापा, कायद्याला मान्य आहे. शंभर कापले तर उरलेले एक्याऐंशी हा दंड झाला. दंड लावायचा तर कोणत्या चुकीला दंड, याची यादी शासनाकडून आधी मंजूर करून दुकानात लावलेली हवी, माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं, महिन्याचा सगळा दंड पगाराच्या तीन टक्क्यांच्या आत हवा, आणि तो पैसा गल्ल्यात न जाता कामगारांच्याच उपयोगी खर्चायचा. एवढं सगळं केलेला छोटा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

डिपॉझिट हा प्रकार परवानगी असलेल्या कपातींच्या यादीतच नाही. फुटतूट मात्र यादीत आहे, आणि इथं मालकाची बाजू थोडी ऐकली पाहिजे. जो माल खास एखाद्याच्या ताब्यात सोपवला होता, किंवा ज्या रोकडीचा हिशेब त्याच्याकडे होता, ती त्याच्या निष्काळजीपणाने गेली, तर त्याला विचारणा करून तेवढंच नुकसान कापता येतं. गल्ल्यावरच्या माणसाचे हजार कमी भरले तर हे कलम लागू शकतं. दुकानातली टाइल कुणाच्या हातून फुटली हे कळलं नाही म्हणून चौघांकडून वाटून घेतले, तर लागत नाही. आणि अग्रिमासकट सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

इथवर कायदा कामगाराच्या बाजूचा आहे. तरी दावे हरले जातात, आणि माझ्या पाहण्यात ते बहुधा एकाच जागी हरले जातात. मालक उभा राहून म्हणतो, 'हा माझ्याकडे कामाला नव्हताच. कधीमधी यायचा.'

फरकाचा दावा दाखल झाला की पैसे पुरते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. पण तो माणूस तिथं कामाला होता आणि या-या काळात होता, एवढं कामगारालाच दाखवावं लागतं. रोख पगार, हजेरीबुक नाही, नेमणुकीचं पत्र नाही. मग दाखवायचं कशाने? फोनपेवर शेठकडून आलेली रक्कम. 'उद्या सकाळी ट्रक येणार, आठला ये' असा व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप. माल पोचवल्याच्या चलनावरची स्वतःची सही, आणि तो माल घेणारं गिऱ्हाईक. साध्या वहीत रोजच्या रोज लिहिलेली हजेरीही उपयोगी पडते. एका बैठकीत, एकाच शाईने लिहून काढलेली वही मात्र पहिल्याच उलटतपासणीत उघडी पडते. फोन बदलताना जुने निरोप पुसले जातात, म्हणून ते आधी काढून ठेवा.

दुसरी अडचण सहीची. रजिस्टरवर 11,800, तिकिटावर सही, हातात 7,600. किंवा बँकेत पूर्ण पगार जमा आणि त्याच संध्याकाळी चार हजार रोख परत. बँकेचा रस्ता कामगाराच्या भल्यासाठी आणला, आणि मालकांनी त्यातूनही वाट काढली. तरी बँकेच्या पासबुकात खूण राहतेच: दर महिन्याला पगार जमा, त्याच दिवशी चार हजारच काढलेले, आणि तसंच आणखी तिघांच्या पासबुकात. एकट्याचं पासबुक हा योगायोग ठरू शकतो, चौघांचं ठरत नाही. म्हणून अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज करण्याची जी सोय कायद्यात आहे, ती वापरावी.

आता जायचं कुठं? बहुतेक जण 181 वर सीएम हेल्पलाइनला फोन करतात. करा, पण ती तक्रार आहे, दावा नव्हे. अधिकारी दुकानात जातो, शेठ 'पुढच्या महिन्यापासून देतो' असं लिहून देतो, तक्रार बंद होते. मागचा फरक जिथल्या तिथं राहतो आणि मुदत चालूच असते. फरक हवा तर संहितेच्या कलम 45 खाली, त्यासाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे रीतसर अर्ज लागतो. कुणापुढे आणि कोणत्या नमुन्यात, ते जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात विचारायचं. अर्जाला महिनावार तक्ता जोडायचा: देय किती, मिळाले किती, कपात कोणती, फरक किती. आधी शेठना स्पीड पोस्टाने मागणीपत्र पाठवणं सक्तीचं नाही, पण पाठवावं. उत्तर आलं तर त्यात बहुधा 'कामाला होता' हे कबूल केलेलं असतं.

मुदत आता तीन वर्षांची आहे. पूर्वी किमान वेतनाच्या फरकाला सहा महिने आणि कपातीला बारा महिने होते. नोव्हेंबर 2025 च्या आधीच्या महिन्यांवर त्यामुळे वाद होऊ शकतो. ते महिने तक्त्यातून गाळू नका. उशीर का झाला त्याचं कारण अर्जात वेगळं लिहा.

अर्ज मात्र काम जिथं केलं तिथं. आपल्याकडची कितीतरी पोरं गोंदियाच्या राइस मिलमध्ये जातात. त्यांना महाराष्ट्राचा दर आणि दावाही तिकडेच. भरवेलीच्या मँगनीज खाणीत ठेकेदाराकडे असाल तर खाणींचा विषय केंद्राचा, दर केंद्राचा, अधिकारीही केंद्राचा.

प्राधिकारी फरकाच्या रकमेवर दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतात. 'पर्यंत' हा शब्द विसरू नका. दहा पट हातात पडेल असं सांगून फी घेणाऱ्यापासून लांब राहा. तडजोड मध्येच होते, आणि छोट्या गावात ती वाईटही नसते. फक्त ती दुकानाच्या ओट्यावर, कोऱ्या कागदावर सही देऊन करू नका. प्राधिकाऱ्यापुढे नोंदवा, रक्कम आणि तारीख लिहून.

आणि आदेश झाल्यावरही शेठनी पैसे दिले नाहीत तर वसुलीचं प्रमाणपत्र कलेक्टरकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. इथं शेवटची खोच आहे. पाटीवर नाव वडिलांचं, गल्ल्यावर बसतो मुलगा, आणि गुमास्ता सुनेच्या नावावर. अर्जात 'शेठजी, अमुक ट्रेडर्स' एवढंच लिहिलं तर तहसीलचा माणूस येतो आणि 'या नावाचं इथं कुणी नाही' असा शेरा मारून परत जातो. जीएसटीचं प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. कामावर असतानाच त्यावरचं नाव वाचून ठेवा, आणि अर्जात त्या नावाबरोबर प्रत्यक्ष पगार देणाऱ्याचंही नाव घाला.