‘तांत्रिक अडचण’ म्हणजे नेमकं काय?



‘तांत्रिक अडचणीमुळे काम लांबलं आहे’ हे वाक्य तुम्ही सर्वांनी ऐकलेलं आहे. 2017 साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेच्या याद्या रखडल्या, तेव्हा आपल्या भागातल्या शेतकऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. अर्जातली माहिती आणि बँकांनी दिलेली माहिती एकमेकींशी जुळत नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ते साध्या मराठीत सांगता येण्याजोगं होतं. पण ज्याच्या कर्जाचा प्रश्न होता, त्याच्या कानावर बहुतेक वेळा फक्त ‘तांत्रिक’ हा शब्द आला. या शब्दाने कारण कळत नाही आणि भीती मात्र वाढते.

आज मी एकच उदाहरण घेऊन बोलणार आहे. समजा, पिंपळनेरसारख्या गावात एक पतसंस्था आहे. सभासद 6400. जुनं सॉफ्टवेअर बदलून 1 एप्रिलपासून नवं सुरू करायचं ठरलं होतं. मार्च संपत आला आणि काम करणाऱ्या मुलीला सांगावं लागतंय की 1 तारीख गाठता येणार नाही. समोर चेअरमन आहेत, संचालक आहेत. सगळे शेती आणि व्यापारातले जाणते, पण कॉम्प्युटरच्या आतलं त्यांना ठाऊक नाही.

आधी खरं कारण आपण समजून घेऊ. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासदांची नावं कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. अशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटर मराठी अक्षर साठवतच नाही. दाबलेल्या इंग्रजी कळांची खूण तो साठवतो आणि फॉन्ट त्या खुणेवर मराठी आकार चढवून दाखवतो. सूर्यवंशी हे आडनाव आत असं असतं:

```
lw;Zoa'kh
```

1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. नवं सॉफ्टवेअर तेच वापरतं. मग जुन्या खुणांच्या जागी नवी अक्षरं घालायची, एवढंच काम उरतं, असं वाटतं. पण क्रम बदलतो. वरच्या खुणांमध्ये `;` म्हणजे य आणि `Z` म्हणजे रफार. जुन्या पद्धतीत रफार य नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो र् म्हणून य च्या आधी यावा लागतो. नुसती अदलाबदल केली, तर नाव ‘सूयर्वंशी’ होतं. पहिली वेलांटीही अशीच. ती जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप होते, नव्यात नंतर यावी लागते.

हे नियमात बसवता येतं आणि त्याला फार वेळ लागत नाही. खरी गाठ पुढे आहे. समजा, या संस्थेत सुरुवातीची काही वर्षं एक फॉन्ट होता आणि नंतर कोणीतरी दुसरा टाकला. दोन्ही फॉन्टमध्ये एकाच कळेवर वेगवेगळी अक्षरं आहेत, आणि कोणती नोंद कोणत्या फॉन्टमधली हे जुन्या सॉफ्टवेअरने कुठेच लिहून ठेवलेलं नाही. बरीच नावं तारखेवरून ओळखता येतात. ज्या खात्यात मध्येच पत्ता बदलला किंवा वारसाचं नाव नव्याने घातलं, तिथे एकाच नोंदीत दोन फॉन्ट मिसळलेले असतात. अशा समजा 900 नोंदी निघाल्या. त्या सभासदत्वाच्या मूळ कागदी अर्जाशी माणसानेच ताडून पाहाव्या लागतात.

आता हे सांगायचं कसं? ‘एन्कोडिंगचा इश्यू आहे’ म्हटलं तर कोणाला काही कळत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हटलं तर ते खोटं आहे. चार दिवसांनी सर्व्हर चालू दिसला की त्या मुलीच्या पुढच्या प्रत्येक शब्दावरचा विश्वास उडतो.

चेअरमन अहिराणीत पहिलं काय विचारतील? “ताई, पैसा बराबर शेतस ना?” म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करायची. कारण त्यानंतर सांगायचं. ती म्हणेल: “दादा, रकमा सुरक्षित आहेत. त्या आकड्यांच्या रकान्यात असतात, त्यांना फॉन्ट लागत नाही. जुन्या आणि नव्या यादीत प्रत्येक खातं क्रमांकाने जुळवून पाहिलं, शिल्लक पैशापर्यंत सारखी आहे. अडलंय ते नावांपाशी.” इथे नुसती एकूण बेरीज जुळली एवढं सांगून भागत नाही. दोन खात्यांच्या रकमांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच. म्हणून खातेनिहाय जुळणी केली हे सांगायचं, आणि ती खरोखर केलेली असली तरच सांगायचं.

मग कारण. “मार्केटला कांद्याच्या गोणीवर नाव न लिहिता खूण केली, तर ती कोणाची हे आडत्याची वही पाहूनच कळतं. आपल्याकडे अशा दोन वह्या निघाल्या, आणि 900 नावांवर दोन्हींतल्या खुणा मिसळल्या आहेत.” चेअरमनांना एवढं पुरतं.

पुढचा भाग अवघड, पण तो टाळायचा नाही. “काम घेताना आम्ही अलीकडच्या नोंदी नमुन्याला घेतल्या, जुन्या घेतल्या नाहीत. म्हणून दुसरा फॉन्ट आधी दिसला नाही.” हे वाक्य गाळलं तर बाकी सगळं खरं असूनही सांगणं अर्धवट राहतं. संचालकांच्या मनात ‘हे आधी का कळलं नाही?’ हा प्रश्न असतोच. त्याचं उत्तर आपणहून आलं की पुढचं बोलणं नीट होतं.

शेवटी तारीख, आणि तीही हिशेबासकट. एक माणूस दिवसाला 75 अर्ज ताडून पाहू शकतो. 900 नोंदींना 12 दिवस लागतील. संस्थेने जुने अर्ज ओळखणारा एक कारकून सोबत दिला आणि त्याचाही वेग तेवढाच राहिला, तर 6 दिवस. असा हिशेब समोर ठेवला की वेळ कमी करण्याचा काही भाग संचालकांच्याही हाती येतो. ज्या नोंदीचा कागदी अर्जच सापडणार नाही, तिथे सभासदाला बोलवावं लागेल आणि त्याला किती दिवस लागतील हे आज सांगता येणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकायचं. तोवर व्यवहार जुन्या सॉफ्टवेअरवर चालू राहतील, आणि त्या दिवसांच्या नोंदी नव्यात आणल्यावर खातेनिहाय जुळणी पुन्हा करावी लागेल.

शंकेच्या 900 नावांची छापील यादी त्याच बैठकीत द्यावी. रोज संध्याकाळी तिच्यातली किती नावं निकाली निघाली हे कोणीही मोजू शकतो. धीराच्या शब्दांपेक्षा ती यादी संचालकांना अधिक निश्चिंत करते.

इथे बसलेल्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे. यापुढे कोणी ‘तांत्रिक अडचण’ म्हणालं, तर रागावू नका आणि गप्पही बसू नका. चार गोष्टी विचारा: आमचं काय सुरक्षित आहे आणि ते कसं तपासलं? नेमकं काय अडलं? ते आधी का दिसलं नाही? आणि उरलेलं काम किती, त्याची यादी कुठे आहे? ज्याला काम खरोखर कळलं आहे, तो या चारही प्रश्नांची उत्तरं तुमच्या भाषेत देऊ शकतो. ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडून आधी ती यादी घ्या, पुढची तारीख नंतर घ्या.