थंडीत इडलीचं पीठ का फुगत नाही?

मे महिन्यात रात्री दहाला वाटून ठेवलेलं पीठ पहाटे डब्याबाहेर येतं. तेच पीठ पौषात सकाळी होतं तिथंच असतं. घोडकाठी शिरूर असो की भीमेकाठी दौंड, थंडीत हे घरोघरी घडतं. प्रमाण तेच, हात तोच. बदलते ती रात्रीची ऊब.

पीठ फुगवणारे जिवाणू उडीद-तांदळाबरोबरच येतात. ते आंबटपणा तयार करतात आणि वायूही. तो वायू उडदाच्या चिकटपणात अडकतो, म्हणून पीठ फुगतं. २८ ते ३० अंशांना हे काम आठ-दहा तासांत होतं. २० अंशांच्या आसपास त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, आणि १५च्या खाली ते अगदीच मंदावतं. पत्र्याच्या छपराखालचं स्वयंपाकघर पहाटे तेवढं गार होतं. म्हणून पीठ खराब झालं असं समजू नका, त्याचा वेळ पुरा झालेला नसतो.

थंडीत आपण असं करू. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद वेगवेगळे, उडदात अर्धा चमचा मेथी घालून, सकाळी दहाला कोमट पाण्यात भिजवायचे. दुपारी चारला, घर उबदार असताना, कोमट पाण्यानंच वाटायचे. उडीद हलका, फुगीर वाटला पाहिजे. तांदूळ मिसळल्यावर पिठात बोट घातलं तर गार लागू नये, जेमतेम कोमट लागावं. मीठ सकाळी घालायचं, कारण मिठानं आंबणं मंदावतं.

पीठ स्टीलच्या डब्यात निम्म्यापर्यंतच भरा आणि बाहेरून पातळीवर खूण करा. मोठ्या पातेल्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी चार बोटं ओता, त्यात डबा ठेवा, झाकण लावा आणि सगळं गोधडीत गुंडाळा. झोपण्यापूर्वी पाणी एकदा बदला. डबा चुलीवर किंवा उकळत्या पाण्यात मात्र ठेवू नका. कडेचं पीठ शिजतं आणि तिथले जिवाणू मरतात.

सकाळी पीठ खुणेच्या दीडपट-दुप्पट वर आलं, आत बुडबुडे दिसले आणि वास गोडसर-आंबट आला, की इडल्या लावा. वर आलं नसेल तर पाणी बदलून आणखी दोन-तीन तास थांबा. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी डोसे करा. डोशाला इडलीइतकं फुगलेलं पीठ लागत नाही. सोड्यानं इडली फुगेल, पण आंबवलेल्या पिठाची चव येणार नाही. पीठ वर येऊन पुन्हा खाली बसलं आणि वास उग्र झाला, तर ते जास्त आंबलं. पुढच्या वेळी पाणी बदलू नका.

फुगलेलं पीठ लगेच वापरायचं नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. तिथली थंडी आंबणं थोपवून धरते.