भेटवस्तू घेऊन दिलेलं रक्त

(रौप्यमहोत्सवी रक्तदान शिबिरापूर्वी सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या मीटिंगमध्ये शिबिराच्या भेटवस्तूवरून बराच खल झाला. हेल्मेट द्यावं की बॅग? कुणी म्हणालं, काही ठेवलं नाही तर माणसं येणार नाहीत. कुणी म्हणालं, घेऊन दिलं तर ते दान कसलं? माझी नोकरी रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून दोन शब्द बोलतो.

आधी हिशोब पाहू. बॅगसाठी दिलेली पिशवी आणि मनापासून दिलेली पिशवी, दोन्हींत ३५० मिलीच रक्त. रुग्णाच्या अंगात दोन्ही सारखंच काम करतं. मग हेतूचा काथ्याकूट कशाला?

इमॅन्युएल कान्ट या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ साली एका दुकानदाराचं उदाहरण दिलं. तो लहान पोरालाही योग्य भावच लावतो, कारण त्यामुळे गिऱ्हाईक टिकतं. कान्ट म्हणतो, वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही. एवढंच नाही, दुसऱ्याचं भलं करण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याचीही तो स्तुती करतो, पण खरं मोल देतो ते मन खचलेलं असताना, इच्छा नसताना, केवळ कर्तव्य म्हणून मदतीला उठणाऱ्याला. हे जरा कडकच वाटतं. पण रक्तपेढीत याचा अर्थ लागतो, तो असा.

प्रत्येक पिशवी आम्ही एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासतो. पण संसर्ग नुकताच झाला असेल तर काही दिवस, कधी काही आठवडे, तो तपासणीत दिसत नाही. त्या काळात रुग्णाला वाचवते ती एकच गोष्ट, दात्यानं फॉर्मवर दिलेली खरी उत्तरं. कावीळ झाली होती का, टॅटू काढलाय का, औषध चालू आहे का? ज्याला नुसतं द्यायचंय, तो खरं सांगून परत जातो. ज्याला पैसे घेऊन जायचेत, त्याला खोटं बोलायला कारण असतं. म्हणजे इथं हेतू रक्ताबरोबर पिशवीत उतरतो बघा! सुप्रीम कोर्टानं १९९६ साली 'कॉमन कॉज' खटल्यात निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, त्यामागे हीच भीती होती.

मग बॅगही वाईटच का? इथं घाई नको. स्वीडनमधल्या गोटेनबर्गला विद्यार्थ्यांना दाते व्हाल का असं विचारलं. त्याचा अहवाल २००८ साली आला. काही न देता विचारलं तेव्हा ५२ टक्के मुली तयार झाल्या. ५० क्रोनर देऊ केल्यावर फक्त ३० टक्के. तेच पैसे संस्थेला दान करण्याची मुभा दिली, तर परत ५३ टक्के. मुलांमध्ये मात्र असा ठळक फरक दिसला नाही. उलट अमेरिकेत शिबिरांना गिफ्ट कार्ड ठेवल्यावर दाते वाढले, पण त्यातले बरेच शेजारच्या शिबिरातून ओढलेले निघाले. तेव्हा बक्षिसानं माणूस येतही असेल, पण तो कुठून आला आणि खरं सांगेल का, हेही बघावं लागतं.

माझं मत असं. चहा-बिस्कीट आणि प्रमाणपत्र खुशाल द्या. तो मान आहे, मोबदला नाही. मोबदला कसा ओळखायचा? ज्याला डॉक्टरांनी 'आज नको' म्हटलं, त्यालाही तीच वस्तू द्या. तसं केलं, तर खोटं बोलायचं कारणच उरत नाही.

आता इच्छेबद्दल. जयंतीला, वाढदिवसाला आपल्याला हुरूप येतो आणि एकाच दिवशी ढीगभर पिशव्या जमतात. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. परभणीच्या मे महिन्यात, शाळांना सुट्ट्या आणि बाहेर रणरणतं ऊन असताना, हुरूप कुठून आणायचा? पण थॅलेसेमियाच्या लेकराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्याला आपल्या मनाच्या लहरीशी काय देणंघेणं!

म्हणून सुचवतो, शिबिराबरोबर एक वही ठेवू. चोवीस निरोगी सभासद, दर महिन्याला दोघं. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं, म्हणजे वर्षातून एकदा हे कुणालाच जड नाही. मे महिन्यात ज्याची पाळी येईल, त्यानं इच्छा नसली तरी जावं. कान्टचं म्हणणं त्या दिवशी आपोआप कळेल.

मे महिन्यासाठी माझं नाव पहिलं लिहा.