चैत्र ते फाल्गुन, टाळ्यांच्या तालावर

वार मुलं चटकन शिकतात:

सोमवार, मंगळवार, बुधवार आला,
गुरुवार, शुक्रवार झोका झाला,
शनिवार म्हणतो, रविवारी चला!

महिने मात्र रोज कानावर पडत नाहीत. म्हणून प्रत्येकाला एक ओळखीची खूण लावू.

चैत्रात गुढी, वैशाखात आंबा,
ज्येष्ठात ढग म्हणती, थांबा थांबा!
आषाढात वारी, श्रावणात झोका,
भाद्रपदात बाप्पा, मोदक चाखा.
आश्विनात दसरा, कार्तिकात तुळस,
मार्गशीर्षात दत्त, देवळाचा कळस.
पौषात तीळगूळ, माघात बोरं,
फाल्गुनात होळी, नाचती पोरं!

दोन ओळींत तीन महिने बसतात. एका आठवड्यात एवढंच जोडकं घ्या आणि महिन्याच्या नावावर टाळी वाजवा. ‘मार्गशीर्ष’ जीभ अडवतो, तो आधी सावकाश तोडून म्हणायचा.

खुणा नीट निवडा. दिवाळी घेतली असती तर घोटाळा झाला असता, कारण आपल्याकडे लक्ष्मीपूजन आश्विनात आणि भाऊबीज कार्तिकात येते. संक्रांत मात्र पक्की, ती आपल्या पंचांगात पौषातच असते. अधिक महिना बालवाडीत नको, तो पुढच्या वर्गांसाठी.

गाणं पाठ झालं म्हणजे क्रम आला असं नाही. ‘श्रावणानंतर कोण?’ विचारलं की बरीच मुलं पुन्हा चैत्रापासून सुरू करतात. अशा वेळी गाणं मधूनच धरायचं. बाईंनी ‘आषाढात वारी’ म्हणावं, पुढचं मुलांनी. फाल्गुन संपला की न थांबता पुन्हा ‘चैत्रात गुढी’ म्हणा. आणि आज घरच्या कॅलेंडरवर कोणता मराठी महिना आहे, ते मुलालाच शोधायला सांगा.